सूर धरणारा

लग्नाच्या मांडवात सनईवाले दोघं बसतात आणि आपण ऐकतो एकालाच. राग तो वाजवतो, ताना तो घेतो, फोटोतही बहुतेक तोच येतो. त्याच्या बाजूचा माणूस गाल फुगवून एकच स्वर धरून असतो. सगळा वेळ षड्ज. पहिला थांबला, पाणी प्यायला, सनईच्या तोंडाची पत्ती बदलली, तरी हा थांबत नाही. ताफ्यातली मंडळी त्याच्या सनईला नुसतं ‘सूर’ म्हणतात. गोव्याच्या देवळांत शेनायवाल्याच्या जोडीला असा जो स्वर धरला जातो, त्याला सुर्त म्हणतात.

मला या दुसऱ्या माणसाचं कुतूहल जुनं आहे. एक स्वर धरून बसायला काय लागतं, असं वाटू शकतं. मलाही संगीत शिकताना तानपुऱ्याविषयी असंच वाटायचं. पण तानपुऱ्याची तार छेडली की ती पुढे आपली आपण वाजत राहते. सनईत तसं काही नाही. फुंक थांबली की त्याच क्षणी स्वर संपतो. म्हणून सूर धरणाऱ्याला फुंक थांबवायची मुभाच नसते, आणि माणसाला श्वास तर घ्यावाच लागतो. हा पेच कसा सुटतो ते जवळून बघायला मिळावं म्हणून मी सोलापूरकडच्या एका ताफ्याच्या मागे लग्नसराईत हिंडलो. सूर धरणारे काका साठी ओलांडलेले होते. बोलायला मोकळे, फक्त वाजवून झाल्यावर दहा मिनिटं त्यांना काही विचारायचं नाही. त्याचं कारण पुढे येईलच.

आधी वाद्य बघू. सनईची नळी साधारण फूट-दीड फुटाची, शिसवीसारख्या घट्ट लाकडाची. कातारी ती कातून घेतो. बाहेरून ती खाली रुंद होत जाते हे सगळ्यांना दिसतं. आतलं छिद्रही तसंच वरून खाली रुंद होत गेलेलं असतं, आणि सनईचा सगळा स्वभाव या आतल्या शंकूत आहे. क्लॅरिनेटची नळी आतून जवळजवळ सरळ असते. ती जोरात फुंकली तर स्वर सप्तक ओलांडून त्याच्याही वरच्या पंचमावर उडी मारतो, त्यामुळे वरच्या भागासाठी वेगळी बोटं शिकावी लागतात. सनईचा शंकू मात्र बरोबर एका सप्तकाची उडी देतो. मध्य सप्तकात ज्या बोटांनी गांधार निघाला, जवळपास त्याच बोटांनी, ओठ जरा आवळून आणि फुंक वाढवून, तार गांधार निघतो. वाद्य एवढंसं, पण दोन सप्तकं हाताशी येतात ती यामुळे.

नळीच्या खाली पितळेचा प्याला बसवतात. कर्ण्यासारखा दिसतो म्हणून आवाज त्यातूनच येतो असा समज असतो. खरं तर बोटांखालची भोकं उघडी असली की बराचसा आवाज त्या भोकांतूनच बाहेर पडतो. प्याल्याचा प्रभाव सगळ्यात जास्त जाणवतो तो खालच्या स्वरांवर, भोकं बंद असताना. वाजवायची भोकं सहसा सात. त्यांच्या खाली आणखी एखाद-दोन असतात, ती वाजवायची नसतात, मेण घालून कमी-जास्त बुजवायची असतात. एखादं भोक मेणाने थोडं लहान केलं की तो स्वर उतरतो, वरची कड किंचित खरवडली की चढतो. मेण परत काढता येतं, खरवडलेलं लाकूड परत येत नाही. त्यामुळे चाकूच्या आधी मेण हा नियम काकांच्या ताफ्यातल्या पोरांनाही पाठ होता. सुराच्या सनईत तर षड्जापुरतं काम असतं, म्हणून तिची नको असलेली भोकं मेणाने पक्की बुजवलेली. वाद्य म्हणून तिच्याकडे कोणी दुसऱ्यांदा बघणार नाही.

सोलापूर-अक्कलकोटच्या भागात सनईची एक धाकटी बहीणही आहे, सुंदरी. लांबीला सनईपेक्षा बरीच कमी, आवाजाला चढी. सिद्राम जाधवांनी ती मैफलीत आणली आणि त्यांच्या घराण्यात ती अजून वाजते आहे. नळी आखूड म्हणजे भोकं जवळजवळ, आणि भोकं जवळ म्हणजे बोट केसभर सरकलं तरी स्वर बिघडला. ऐकायला मिळाली तर वाजवणाऱ्याची बोटं बघा, कान आपोआप काम करतील.

आता पत्ती. नळी आणि प्याला मिळून दिसणारं जे वाद्य आहे, ते पत्तीशिवाय मुकं आहे. नळीच्या वरच्या टोकात एक बारीक धातूची नळी बसते आणि तिच्यावर ही पत्ती, दोऱ्याने गुंडाळून घट्ट केलेली. उत्तरेकडे ती नरकट नावाच्या पोकळ गवतापासून करतात. बिहारमध्ये डुमराव भागात, सोन नदीच्या काठी, हे गवत उगवतं. बिस्मिल्ला खाँ १९१६ साली जन्मले ते याच डुमरावला. आपल्याकडे खेडोपाडी ताडाच्या पानाचीही पत्ती करतात. तिचा आवाज वेगळा, जास्त खणखणीत आणि अंगावर येणारा.

गवताची पत्ती करायची पद्धत ऐकायला सोपी आहे. पोकळ काडीचा छोटा तुकडा कापायचा, भिजवायचा, एक टोक गोलच ठेवून धातूच्या नळीवर दोऱ्याने बांधायचं, दुसरं टोक दाबून चपटं करायचं. चपटं केलं की त्या तोंडाला दोन ओठ तयार होतात आणि मध्ये एक फट राहते. सगळं काम या फटीचं. तोंडातल्या हवेचा दाब वाढला की दोन्ही ओठ एकमेकांवर मिटतात, हवा अडते. नळीत शिरलेला हवेचा धक्का खाली जाऊन परत वर येतो तेव्हा ते पुन्हा उघडतात. हे एका सेकंदात काही शे वेळा होतं. किती वेळा व्हायचं ते मुख्यतः नळी ठरवते, पत्तीला त्या तालात चालावं लागतं. पण पत्ती कडक असली, ढिली असली, वाळलेली असली तर ती नळीचं ऐकत नाही.

फट फार उघडी राहिली तर फुंक खूप लागते, आवाज जाड आणि उतरलेला येतो, आणि वाजवणारा पाच मिनिटांत दमतो. फार मिटली तर मुळात आवाजच फुटत नाही, किंवा चिरकतो. म्हणून सनईला दोऱ्याने एक बारीक सुई बांधलेली असते आणि सोबत दोन-चार जादा पत्त्या लोंबत असतात. कित्येकांना ते सजावटीचं लोंबणं वाटतं. पत्ती मिटली की सुई आत घालून हलकेच उघडायची, जास्त उघडली की दोन बोटांच्या चिमटीत धरून दाबायची. काका वाजवायला बसण्याआधी पत्ती तोंडात ठेवून गप्पा मारत. वाळलेलं गवत ताठ असतं, लाळेने ओलं झालं की ते लवायला लागतं. जास्तच भिजलं तर फुगतं आणि फट बुजते. किती ओलं म्हणजे पुरे, हे ते पत्ती नुसती फुंकून, नळीला न लावता, तिच्या पिपाणीसारख्या आवाजावरून ठरवत. हा आवाज सहज, कमी फुंकीत आणि न फाटता आला पाहिजे. कोरी पत्ती पहिल्या दिवशी कधीच लग्नाला न्यायची नाही. तिला आधी घरी थोडं थोडं वाजवून मवाळ करायचं.

आता श्वास. सूर अखंड ठेवायची युक्ती म्हणजे गाल. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की गाल जोर लावल्यामुळे फुगले आहेत. खरं तर ते साठा म्हणून फुगवलेले असतात. गावात नळाला पाणी ठरावीक वेळच येतं, तरी घरात दिवसभर पाणी असतं ते गच्चीवरच्या टाकीमुळे. तोच हिशेब इथे आहे.

काकांनी मला हे टप्प्याटप्प्याने दाखवलं. छातीतून फुंक चालू आहे तोवरच गाल हवेने भरून घ्यायचे. छाती रिकामी व्हायची वाट बघायची नाही, नाहीतर गडबड होते. मग जिभेचा मागचा भाग वर उचलून टाळूला लावायचा, म्हणजे तोंडाचा आणि घशाचा मार्ग तुटतो. या क्षणापासून पत्तीला हवा मिळते ती फक्त गालांतून, गालाचे स्नायू ती ढकलत असतात. त्याच वेळी नाकाने झटकन श्वास घ्यायचा. गालांतला साठा जेमतेम सेकंदभर पुरतो, त्यामुळे हा श्वास लांब ओढून चालत नाही. श्वास घेतला की जीभ खाली आणि पुन्हा छातीतून फुंक.

शिकवताना पोरांना पाण्याचा पेला देतात. पपईच्या पानाचा पोकळ देठ किंवा हल्ली सरबताची नळी पाण्यात बुडवायची आणि बुडबुडे चालू ठेवायचे. नाकाने श्वास घेताना बुडबुडे थांबले की चूक लगेच दिसते. मी हे बरेच दिवस केलं. पाण्यातले बुडबुडे अखंड ठेवायला मला जमले. पत्तीवर मात्र काही केल्या जमलं नाही, आणि याचं कारण मला नंतर कळलं. पाणी फारसा विरोध करत नाही, पत्ती करते. गालांनी तोच दाब टिकवणं ही खरी परीक्षा आहे. छातीकडून गालांकडे आणि गालांकडून परत छातीकडे असा ताबा बदलताना दाब किंचित जरी कमी-जास्त झाला तरी स्वर डुलतो. नवशिक्या सुरात दर काही सेकंदांनी अशी एक लहर ऐकू येते, एकदा ओळखली की मग ती टाळता येत नाही. मुरलेल्या माणसाच्या सुरात ही सांधणी कानांना सापडत नाही. मी काकांच्या नाकपुडीकडे बघून श्वास कधी घेतला ते ओळखायचो. नुसतं ऐकून एकदाही ओळखता आलं नाही.

याच्यात एक गंमत आहे, ती मला माहीत नव्हती. पत्तीची फट इतकी बारीक असते की तिच्यातून हवा फार थोडी जाते. बासरीवाल्याची हवा संपते, सनईवाल्याची संपत नाही. त्याच्या छातीत हवा भरपूर असते, पण ती वापरून झालेली, शिळी. नाकाने तो जी ताजी हवा घेतो ती पत्तीतून गेलेल्या हवेइतकीच, म्हणजे थोडीच. त्यामुळे अर्धा तास सूर धरल्यावर माणसाला धाप लागते ती रिकाम्या छातीने नाही, भरलेल्या छातीने. त्याला आधी हवा बाहेर टाकायची असते. काका वाजवून झाल्यावर दहा मिनिटं का बोलत नसत ते हे. सनई खाली ठेवून ते लांबलचक सुस्कारे टाकत बसायचे आणि आम्हाला वाटायचं, म्हातारा रागावलाय.

मुख्य सनईवाल्यालाही ही विद्या येते, पण तो ती जपून वापरतो. राग मांडायचा म्हणजे वाक्यं करायची, आणि वाक्याला विराम लागतो. बिस्मिल्ला खाँसाहेबांची आलापी ऐका. एक स्वरवाक्य संपतं, ते थांबतात, श्वास घेतात, त्या रिकाम्या जागेत मागचा सूर वर येतो आणि मग पुढचं वाक्य येतं. ती जागा सुंदर वाटते, कारण ती खरोखर रिकामी नसते. शिवाय ओठांचाही प्रश्न आहे. सनईत एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड, आंदोलन, श्रुतीचा हलका चढ-उतार हे बोट अर्धवट सरकवून आणि पत्तीवरचा ओठांचा दाब बदलून काढतात. गाल फुगवले की ओठांची पकड सैल होते. तेव्हा मींड घेता घेता गालांतून वाजवणं अवघड. सूर धरणारे काका पत्ती ओठांच्या जरा जास्त आत घेत, त्यांना मींड घ्यायची नव्हती. दोघांनी काम वाटून घेतलेलं असतं, एकाकडे ओठ आणि दुसऱ्याकडे गाल.

हे वाटप कधी अडचणीत येतं ते मी मार्गशीर्षातल्या एका संध्याकाळच्या लग्नात पाहिलं. थंडी बऱ्यापैकी होती आणि मांडव उघडा. मुख्य सनईवाले मारवा वाजवून पाच-सात मिनिटं थांबले, चहा झाला. काकांचा सूर चालूच होता. मुख्य सनई पुन्हा सुरू झाली आणि पहिल्याच षड्जाला दोन्ही सनयांमध्ये एक घरघर ऐकू यायला लागली. आवाज उठतो, दबतो, उठतो, दबतो, सेकंदाला तीनेक वेळा.

यामागचा हिशेब सोपा आहे. समजा काकांचा सूर सेकंदाला ४०० वेळा हलतो आहे. घरघर सेकंदाला तीनदा येते, म्हणजे दुसरी सनई एकतर ३९७ वर आहे किंवा ४०३ वर. यातलं कुठलं, ते घरघर सांगत नाही, ते परिस्थितीवरून ओळखायचं. फुंकीने नळीतली हवा गरम राहते, आणि गरम हवेत नाद जलद चालतो, स्वर चढा लागतो. नळीतल्या हवेत एका अंशाचा फरक पडला तर ४०० मध्ये साधारण ०.७ चा फरक पडतो. काकांची नळी सतत फुंकल्यामुळे उबदार होती, चहा पीत असलेल्या सनईवाल्यांची निवली होती. चार-पाच अंश निवली की ३ कंपनांची घट आलीच. म्हणजे मुख्य सनई उतरलेली, ३९७ वर.

आता उपाय. पत्तीची नळी आत सरकवली तर स्वर चढतो, आणि ढोबळ मानाने या उंचीवर एक मिलीमीटर म्हणजे एक कंपन. तीन मिलीमीटर आत सरकवणं शक्य असतं, पण पाच मिनिटांत सनई पुन्हा गरम झाली की ती चढी होणार आणि मग पत्ती परत बाहेर ओढावी लागणार. सनईवाल्यांनी पत्तीला हातही लावला नाही. ओठ आवळून त्यांनी षड्ज वर उचलला, घरघर मंदावत मंदावत थांबली, आणि पुढची काही मिनिटं ते मध्य सप्तकातच, लांब स्वर घेत फिरले. ताना नाहीत. नळी तापली तसे ओठ सैल होत गेले. मंडळींना वाटलं की आता शांत आलापी चालली आहे. त्यानंतरच्या विश्रांतीत मात्र ते चहा पिताना मध्येच भोकं झाकून सनईत नुसती ऊन हवा सोडत होते, आवाज न काढता.

वैशाख-ज्येष्ठातल्या लग्नात हा त्रास नाही. सोलापूरच्या दुपारी बाहेरची हवा फुंकीपेक्षा थंड नसतेच. तिथला शत्रू कोरडेपणा, आणि त्याची वेळ ठरलेली: मंगलाष्टकं.

मंगलाष्टकं सुरू झाली की वाजंत्री थांबतात. जुन्या मंगलाष्टकांत तशी ताकीदच आहे, ‘वाजंत्रें बहु गलबला न करणे’. सूरही थांबतो, दिवसभरात थांबतो तो बहुधा इथेच. मग भटजी, त्यांच्यामागून मामा-मावश्या, एकेक जण आपापलं कडवं म्हणतात. हौशी घर असेल तर हे पंधरा मिनिटंही चालतं. शेवटी ‘सावधान’ म्हणतात, अंतरपाट दूर होतो आणि त्याच क्षणी सनई-चौघडा एकदम उठला पाहिजे. अर्धा सेकंद उशीर झाला तर लक्षात येतो. चौघड्याला अडचण नाही, टिपरू पडलं की वाजला. सनईची पत्ती मात्र उन्हात पंधरा मिनिटं उघडी राहून वाळलेली, ताठ झालेली असते. अशा पत्तीत जोरात फुंकली तर एकतर नुसती हवा सुसाटते किंवा किंकाळी निघते. सगळ्या लग्नाच्या चित्रीकरणात ती किंकाळी कायमची राहते.

म्हणून मंगलाष्टकांच्या वेळी दोन्ही सनईवाले गप्प असले तरी मोकळे नसतात. मुख्य सनईवाले पत्ती सनईवरून काढून गालात ठेवत, शेवटच्या कडव्याला पुन्हा बसवत. काका काढत नसत, सनईच ओठांत धरून बसायचे. त्यांचं म्हणणं, काढून बसवलेली पत्ती पुन्हा तिथेच बसेल याची खात्री नाही, आणि सूरच जर केसभर हलला तर बाकीच्यांनी कशावर मिळवायचं? मुहूर्ताच्या वेळी पहिला आवाज सुराचा येतो. त्यांना विचारलं, “काका, कडवं किती उरलंय ते कसं कळतं? सगळ्यांची मंगलाष्टकं वेगवेगळी असतात.” तर म्हणाले, “भटजींच्या हाताकडं बघायचं. अक्षता संपत आल्या की त्यांचा हात मोठा पडतो.”

मुहूर्तानंतर काय वाजवायचं हे बरंचसं घड्याळ ठरवतं. सकाळचं लग्न असेल तर भैरव किंवा तोडीच्या घरातलं, दुपारी वृंदावनी सारंग, गोरज मुहूर्तावर मारवा, पूरिया धनाश्री. पाठवणीला पिलू किंवा भैरवी. मांडवातल्या कोणाला हे कळत नाही अशी सनईवाल्यांची एक कायमची तक्रार असते, आणि तरीही ते दुपारी दोन वाजता भैरव वाजवत नाहीत. ही सवय मांडवातली नाही, देवळातली आणि नगारखान्यातली आहे. तुळजापूर, जेजुरी, कोल्हापूर अशा ठिकाणी काकड्यापासून शेजारतीपर्यंत वाद्यं दिवसाच्या प्रहरांना बांधलेली. रायगडावर राजसभेच्या दाराशी नगारखाना आहे, शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावरही आहे. तिथे वाजणारी सनई श्रोत्यांसाठी नव्हती, वेळ सांगण्यासाठी होती. बिस्मिल्ला खाँ यांचे मामा अली बक्ष विलायतू काशीत विश्वनाथाच्या देवळाशी बांधलेले होते आणि भाच्याचं शिक्षण त्यांच्या हाताखाली झालं. हाच भाचा मोहरमच्या आठव्या तारखेला काशीच्या रस्त्यातून चालत, डोळ्यांत पाणी आणून, सनईवर नौहा हे शोकगीत वाजवायचा. त्या दिवशी राग नाही. आनंदाचं वाद्य म्हणून ज्याची ओळख, त्याच पत्तीतून मातम निघायचा.

मंगलवाद्य वाजवणाऱ्यांना आपण कसं वागवलं हा वेगळा, कडू विषय आहे. गुरव, घडशी, मातंग अशा समाजांकडे हे काम पिढ्यान्‌पिढ्या राहिलं. शकुनासाठी सनई लागायचीच, पण बसायची जागा दाराबाहेरची आणि पंगत शेवटची. काकांच्या तोंडून मी याबद्दल तक्रार ऐकली नाही. त्यांच्या पुतण्याने मात्र एका लग्नात जेवणाची चौकशी आधी करून घेतली आणि मगच पेटी उघडली, ते मला फार बरं वाटलं.

आता सूर धरायला माणूस लागतोच असं नाही. हातात मावणारी इलेक्ट्रॉनिक सुरपेटी मिळते, तिला श्वास लागत नाही, जेवण लागत नाही, बिदागीतला वाटा लागत नाही. काकांच्या ताफ्यात दोन वर्षांपासून लहान लग्नांना पेटीच नेतात. मुख्य सनईवाल्यांशी यावर माझं बोलणं झालं. त्यांची अडचण भावनेची नव्हती. “पेटी हलत नाही,” ते म्हणाले. “थंडीत माझी नळी निवली की काका ऐकून ओठ सैल करायचे, अर्धी वाट ते खाली यायचे, अर्धी मी वर जायचो. पेटीकडे मलाच पूर्ण जावं लागतं. उन्हात नळी चढली तरी तेच. आवाज जुळतो, पण ओठ दुपारपर्यंत जातात.”

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. पोराला सनई शिकवायची तर आधी काही वर्षं सूर देतात. बोटं नाहीत, राग नाही, फक्त षड्ज, मोठ्या माणसाच्या मांडीला मांडी लावून. पत्ती ओली किती, गाल भरायचे केव्हा, घरघर कुठून येते, मुख्य सनई आता कुठल्या स्वराकडे निघाली आहे, हे सगळं त्या काळात आपोआप अंगात भिनतं, आणि वर रोजचे पैसेही मिळतात. सुराची जागा पेटीने घेतली की पोराला मांडवात बसायला जागाच उरत नाही. त्यांचा स्वतःचा मुलगा क्लासला जाऊन शिकतो आहे. बोटं चांगली आहेत त्याची, ताना स्वच्छ येतात. मोठ्या लग्नांना अजून काकाच सूर धरतात, आणि पुढच्या सराईत मुलाने मुख्य सनई न घेता काकांच्या जागी बसायचं असं घरात ठरवलं आहे. मुलाला ते फारसं पटलेलं दिसत नाही.